हक्क, तत्त्वे, कर्तव्ये : एकाच तक्त्यात

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत भिंतीवर चिकटवलेला कलमांचा तक्ता बहुधा एकाच घाटाचा असतो. डावीकडे कलमाचा क्रमांक, उजवीकडे चार-पाच शब्दांत अर्थ. ‘१४ – कायद्यापुढे समानता’, ‘१५ – भेदभावास मनाई’, ‘१६ – समान संधी’. हा तक्ता तोंडपाठ असणारी मुलेमुलीही परीक्षेत याच कलमांवरचे प्रश्न चुकवतात. क्रमांक त्यांच्या ध्यानात असतो. पण अर्थाची ओळ इतकी छाटलेली असते की प्रश्न जिथे विचारला जातो तोच भाग तिच्यातून गळालेला असतो.

राज्यघटनेच्या भाग ३ मध्ये कलम १२ ते ३५ इतके मूलभूत हक्क येतात, भाग ४ मध्ये ३६ ते ५१ ही राज्य धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे आणि भाग ४क मध्ये कलम ५१क हे एकच कलम, ज्यात ११ मूलभूत कर्तव्ये आहेत. (काही पुस्तकांत ‘क’च्या जागी ‘अ’ छापलेले असते, म्हणजे ५१अ, २१अ. कलमे तीच.) या तीन भागांचे तीन वेगळे तक्ते करण्याची पद्धत आहे. माझे मत असे की तक्ते दोन करावेत. पहिला कलमाच्या क्रमाने, पण प्रत्येक ओळीत तीन गोष्टी ठरवून लिहिलेला. दुसरा विषयाच्या क्रमाने, तिन्ही भाग शेजारी शेजारी ठेवणारा. खरी उजळणी दुसऱ्या तक्त्यावर होते, पण तो पहिल्याशिवाय तयार होत नाही.

आधी पहिला तक्ता. मूलभूत हक्काच्या एका ओळीत काय हवे? हा हक्क कोणाला आहे, तो कोणाविरुद्ध आहे आणि त्याला हद्द कोणती. या तीन प्रश्नांची उत्तरे ओळीत असतील तर ती ओळ परीक्षेला पुरते. समानतेचा गट घेऊन पाहू.

| कलम | कोणाला | एका ओळीत अर्थ |
|---|---|---|
| १४ | कोणतीही व्यक्ती | राज्यसंस्था कायद्यापुढील समानता आणि कायद्याचे समान संरक्षण नाकारणार नाही. |
| १५ | फक्त नागरिक | केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या ५ कारणांवरून भेदभाव नाही. स्त्रिया, मुले व मागास घटकांसाठी खास तरतूद चालते. |
| १६ | फक्त नागरिक | सरकारी नोकरीत समान संधी. १५ मधली ५ कारणे, शिवाय कूळ आणि निवास अशी ७. |
| १७ | सर्वांवर बंधनकारक | अस्पृश्यता नष्ट. तिचे आचरण कोणीही केले तरी गुन्हा. |
| १८ | राज्यसंस्था व नागरिक | सैनिकी किंवा शैक्षणिक पदव्या सोडून राज्यसंस्था किताब देणार नाही. नागरिकाने परदेशाचा किताब घ्यायचा नाही. |

१५ आणि १६ च्या ओळी पुन्हा वाचा. ‘निवासाच्या कारणावरून भेदभाव करण्यास कोणते कलम मनाई करते?’ असा प्रश्न आला तर छाटलेल्या तक्त्यावर अभ्यास केलेला परीक्षार्थी १५ वर खूण करतो, कारण ‘भेदभाव’ हा शब्द त्याने त्याच क्रमांकापुढे वाचलेला असतो. उत्तर १६ आहे, आणि तेही सरकारी नोकरीपुरते. त्यातही अपवाद आहे. एखाद्या राज्यातील ठरावीक नोकऱ्यांसाठी त्या राज्यातील निवासाची अट घालता येते, पण तो कायदा संसदेनेच करावा लागतो, राज्य विधिमंडळाने नव्हे. आणखी एक यादी कलम २९(२) मध्ये आहे. सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत प्रवेश नाकारताना धर्म, वंश, जात आणि भाषा ही कारणे चालत नाहीत. म्हणजे भाषा २९ मध्ये आहे, १५ किंवा १६ मध्ये नाही, आणि २९(२) मध्ये लिंग नाही. या तीन याद्या एकाखाली एक लिहून काढल्या की कित्येक फसवे पर्याय लगेच ओळखू येतात.

‘कोणाला’ हा रकाना पुढच्या गटांतही असाच कामी येतो. भारतीय नागरिकांनाच मिळणारी कलमे पाचच आहेत : १५, १६, १९, २९ आणि ३०. यातले ३० वे, अल्पसंख्याकांनी शिक्षणसंस्था काढण्याचे कलम, स्वतःत ‘नागरिक’ हा शब्द वापरत नाही. तरी परीक्षेत ते याच पाचांत धरले जाते. बाकीचे, म्हणजे कायद्यापुढील समानता, गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचे संरक्षण, जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य, हे शत्रुराष्ट्राच्या नागरिकांबाबतचे काही अपवाद सोडले तर परदेशी माणसालाही आहेत. भारतात फिरायला आलेल्या पर्यटकाला २१ मिळते, १९ मिळत नाही. एवढे एक उदाहरण डोक्यात ठेवले की यादी पाठ करण्याची गरज बरीच कमी होते.

‘कोणाविरुद्ध’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘राज्यसंस्था’ असते, आणि राज्यसंस्था म्हणजे काय ते १२ व्या कलमात सांगितले आहे. पण १७, २३ आणि २४ खाजगी माणसालाही थेट बांधतात. वेठबिगारी सरकारी अधिकाऱ्याने करून घेतली काय आणि गावच्या सावकाराने काय, २३ दोघांनाही लागू. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवणारा मालक २४ चे उल्लंघन करतो, मग कारखाना कोणाचाही असो.

हद्दीचा प्रश्न सर्वांत जास्त १९ मध्ये विचारला जातो. ‘सहा स्वातंत्र्ये’ एवढेच लिहून भागत नाही. भाषण व अभिव्यक्ती, शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमणे, संस्था-संघटना-सहकारी संस्था काढणे, देशभर संचार, कुठेही राहणे आणि कोणताही व्यवसाय करणे, अशी ही सहा. उपखंड मात्र क, ख, ग, घ, ङ आणि एकदम छ असे चालतात. मधला ‘च’ रिकामा आहे. तिथे मालमत्तेचा हक्क होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो काढला, कलम ३१ ही वगळले आणि मालमत्तेला भाग ३ च्या बाहेर, ३००क मध्ये, कायदेशीर हक्क म्हणून जागा दिली. त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट पक्की केली : आणीबाणीतही २० आणि २१ या कलमांची अंमलबजावणी स्थगित करता येत नाही. पहिल्या तक्त्यात या दोन कलमांपुढे ठळक खूण हवी.

आणि ३२. या कलमाला डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत संपूर्ण घटनेचे हृदय आणि आत्मा म्हटले होते. ओळ अशी लिहावी : ‘मूलभूत हक्काच्या अंमलबजावणीसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क, पाच प्रकारचे आदेश.’ शेजारी २२६ लिहून ठेवावे, कारण जोडीने विचारतात. उच्च न्यायालयाचा २२६ खालचा अधिकार मूलभूत हक्कांपुरता मर्यादित नाही, इतर कायदेशीर हक्कांसाठीही तो वापरता येतो. त्या अर्थाने उच्च न्यायालयाचे हे क्षेत्र सर्वोच्च न्यायालयापेक्षा मोठे आहे.

मार्गदर्शक तत्त्वांकडे वळले की तक्त्याचे रूप बदलावे लागते. इथे ‘कोणाला’ हा रकाना निरुपयोगी आहे, कारण सगळी तत्त्वे राज्यसंस्थेला उद्देशून आहेत. ३७ वे कलम सांगते की न्यायालयामार्फत त्यांची अंमलबजावणी मागता येत नाही, तरी देशाच्या कारभारात ती मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे. पुस्तकांत या तत्त्वांचे समाजवादी, गांधीवादी आणि उदारमतवादी असे तीन गट असतात. हे गट अभ्यासकांनी सोयीसाठी केले आहेत, घटनेत ते नाहीत. त्यामुळे काही कलमे दोन गटांत दिसतात. ४३ मधले निर्वाह वेतन समाजवादी, पण त्याच कलमातले कुटिरोद्योग गांधीवादी. ४७ मधले पोषण आणि सार्वजनिक आरोग्य एका गटात, दारूबंदी दुसऱ्यात. ४८ मधली आधुनिक शेती एकीकडे, गोवंश हत्याबंदी दुसरीकडे. दोन पुस्तकांत वेगवेगळे गट दिसले म्हणून गोंधळू नये. कलमातला कोणता भाग विचारला आहे ते पाहावे.

या भागात एक अगदी बारीक खोड आहे. ३९क आणि ३९(क) ही दोन वेगळी कलमे आहेत. ३९(क) म्हणजे ३९ व्या कलमाचा पहिला खंड, स्त्री-पुरुषांना उपजीविकेचे पुरेसे साधन. ३९क म्हणजे १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने घातलेले स्वतंत्र कलम, समान न्याय आणि मोफत कायदेविषयक साहाय्य. कंस असेल तर खंड, नसेल तर नवे कलम. घाईघाईने लिहिलेल्या टिपणांत कंस सुटतो आणि उजळणीच्या वेळी मोफत वकिलाऐवजी उपजीविका आठवते. त्याच ४२ व्या दुरुस्तीने ४३क (उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग) आणि ४८क (पर्यावरण, वने व वन्यजीव) ही कलमेही आणली.

कर्तव्यांचा भाग सोपा वाटतो, कारण तो शाळेपासून डोळ्यांखालून गेलेला असतो. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीलाच ५१क छापलेले असते. सरदार स्वर्णसिंग समितीच्या शिफारशीनंतर ४२ व्या दुरुस्तीने दहा कर्तव्ये आली आणि २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने अकरावे. ती फक्त नागरिकांना आहेत. इथे अर्थ पाठ करण्यापेक्षा यादीत काय नाही ते लिहून ठेवणे फायद्याचे ठरते. मतदान करणे यादीत नाही. कर भरणेही नाही. समितीने ते सुचवले होते, संसदेने स्वीकारले नाही. ‘खालीलपैकी कोणते मूलभूत कर्तव्य नाही?’ या प्रश्नात हे दोन पर्याय हमखास बसवलेले असतात, आणि चांगला नागरिक म्हणून दोन्ही गोष्टी आपण करतच असल्यामुळे त्या यादीत आहेत असे मनाला वाटत राहते.

आता दुसरा तक्ता, विषयवार. तो का लागतो हे शिक्षणाच्या एका ओळीवरून नीट दिसते.

१९५० मध्ये घटना लागू झाली तेव्हा शिक्षण फक्त मार्गदर्शक तत्त्वांत होते. मूळ ४५ वे कलम म्हणत होते की दहा वर्षांच्या आत, वयाची चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्यसंस्था प्रयत्न करील. मुदत सांगितलेले हे एकच तत्त्व. १९६० साल आले आणि गेले, पण ३७ व्या कलमामुळे कोणीही न्यायालयात जाऊन मुदत टळल्याचा जाब मागू शकत नव्हते. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क २१ व्या कलमातल्या जीविताच्या हक्कातून काढला, आणि तसे करताना ४५ चाच आधार घेतला. पुढे ८६ व्या दुरुस्तीने एकाच वेळी तीन ठिकाणी हात घातला. भाग ३ मध्ये २१क घातले. भाग ४ मधले ४५ बदलले. भाग ४क मध्ये ५१क(ट) जोडले. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि २१क त्याच्यासह १ एप्रिल २०१० पासून लागू झाले.

तीन ओळी शेजारी ठेवून लिहू. २१क : सहा ते चौदा वयाच्या सर्व मुलांना राज्यसंस्था मोफत व सक्तीचे शिक्षण देईल. ४५ : सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांच्या संगोपनाचा व शिक्षणाचा राज्यसंस्था प्रयत्न करील. ५१क(ट) : सहा ते चौदा वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे आईवडिलांचे किंवा पालकाचे कर्तव्य. वय आणि क्रियापद, एवढ्या दोन गोष्टींत सगळा फरक आहे. ‘देईल’ असेल तर न्यायालयात मागता येते, ‘प्रयत्न करील’ असेल तर नाही. अंगणवाडीच्या वयाचे मूल ४५ खाली येते, पाचवीतले २१क खाली. पंधरा वर्षांच्या मुलासाठी दोन्ही नाहीत. त्याच्यासाठी ४१ उरते, जिथे शिक्षणाचा हक्क राज्यसंस्थेच्या आर्थिक ताकदीच्या मर्यादेत सांगितला आहे. आणि २४ मधली बालमजुरीची मर्यादा ‘चौदा वर्षांखालील’ अशी आहे, तिला खालचे टोक नाही. परीक्षेतला प्रश्न बहुधा या वयांची अदलाबदल करून केलेला असतो.

क्रियापदाची ही कसोटी भाग ४ मध्ये बऱ्याच ठिकाणी लागू पडते : ३८, ४३, ४४, ४८, ४८क, सगळीकडे राज्यसंस्था ‘प्रयत्न’ करते. ४९ मात्र स्मारकांचे रक्षण ही राज्यसंस्थेची ‘जबाबदारी’ म्हणते आणि ४७ पोषण व आरोग्य हे ‘प्राथमिक कर्तव्य’ म्हणते. शब्द कडक असले तरी ती तत्त्वेच आहेत. ‘कर्तव्य’ हा शब्द दिसला म्हणून ४७ ला कर्तव्यांच्या यादीत टाकू नये.

| विषय | भाग ३ | भाग ४ | भाग ४क |
|---|---|---|---|
| बालक | २१क, २४ | ३९(ङ), ३९(च), ४५ | ५१क(ट) |
| स्त्री | १५(३) | ३९(क), ३९(घ), ४२ | ५१क(ङ) |
| पर्यावरण | २१, न्यायालयाने लावलेल्या अर्थाने | ४८क | ५१क(छ) |
| वारसा व संस्कृती | २९ | ४९ | ५१क(च) |
| दुर्बल घटक | १५(४), १६(४), १७ | ४६ | – |
| न्याय मिळणे | १४, २२, ३२ | ३९क, ५० | – |
| सहकार | १९(१)(ग) | ४३ख | – |
| संपत्ती व साधने | ३१क, ३१ग | ३९(ख), ३९(ग) | ५१क(झ) |

रिकामे खाने तसेच ठेवावेत. ओढूनताणून कर्तव्य शोधून भरले की तक्ता खोटा होतो. पर्यावरणाच्या खान्यातही ‘न्यायालयाने लावलेल्या अर्थाने’ हे शब्द गाळू नयेत, कारण २१ च्या मजकुरात पर्यावरणाचा उल्लेख नाही. ‘घटनेत स्पष्ट उल्लेख’ असा प्रश्न असेल तर उत्तर ४८क आणि ५१क(छ) इतकेच.

शेवटच्या ओळीवर थोडे थांबायला हवे, कारण हक्क आणि तत्त्व समोरासमोर आले तर कोण वरचढ, हा प्रश्न तिथेच सुटतो. साधारण उत्तर असे दिले जाते की हक्क न्यायालयात मागता येतात म्हणून ते श्रेष्ठ. ते पुरेसे नाही. समाजाच्या भौतिक साधनांचे वाटप सर्वांच्या हितासाठी व्हावे असे ३९(ख) सांगते, संपत्तीचे केंद्रीकरण होऊ नये असे ३९(ग). १९७१ च्या २५ व्या दुरुस्तीने ३१ग आणले. या दोन तत्त्वांसाठी केलेला कायदा १४ किंवा १९ शी विसंगत आहे म्हणून रद्द होणार नाही, हा त्याचा गाभा. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात तो टिकला; मात्र कायद्यामागचा हेतू न्यायालयाने तपासूच नये म्हणणारा त्यातला भाग रद्द झाला. ४२ व्या दुरुस्तीने हे कवच सर्व मार्गदर्शक तत्त्वांना दिले. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो विस्तार रद्द केला आणि भाग ३ व भाग ४ यांच्यातला समतोल हा घटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग असल्याचे सांगितले. म्हणून नेमके उत्तर असे : ३९(ख) आणि ३९(ग) साठीच्या कायद्यांना १४ आणि १९ पासून संरक्षण आहे, इतर तत्त्वांना ते नाही.

याच कलमावरचा ताजा निकाल मुंबईतल्या प्रकरणाचा आहे. जुन्या उपकरप्राप्त इमारती संपादित करण्याची तरतूद म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये आली, आणि तिला ३९(ख) चा आधार दिलेला होता. मालमत्ताधारकांनी आव्हान दिले. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने म्हटले की प्रत्येक खाजगी मालमत्ता आपोआप ‘समाजाचे भौतिक साधन’ होत नाही, काही होऊ शकतात. आणि केशवानंद भारती निकालात टिकलेले ३१ग आजही लागू आहे. तक्त्यातल्या ३९(ख) च्या ओळीत एवढी भर घालावी.

तक्त्याच्या तळाशी तीन नोंदी कराव्यात. २०२३ च्या १०६ व्या दुरुस्तीपर्यंतचा हिशेब धरला तर भाग ३ ला शेवटचा हात लागला तो २०१९ च्या १०३ व्या दुरुस्तीने, १५(६) आणि १६(६) मधल्या आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठी. भाग ४ ला २०११ च्या ९७ व्या दुरुस्तीने, ४३ख मधल्या सहकारी संस्थांसाठी. त्याच दुरुस्तीतला सहकारी संस्थांचा स्वतंत्र भाग ९ख राज्यांतर्गत सहकारी संस्थांपुरता २०२१ मध्ये न्यायालयाने रद्द केला, पण ४३ख आणि १९(१)(ग) मधला शब्द कायम आहेत. भाग ४क ला २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने. बाजारातून आणलेल्या किंवा मोठ्या भावंडाकडून मिळालेल्या कोणत्याही तक्त्यात आधी हीच तीन ठिकाणे तपासावीत. त्यात १५(६), ४३ख किंवा ५१क(ट) नसेल, किंवा ४५ पुढे अजून ‘चौदा वर्षांपर्यंत’ असे असेल, तर तो तक्ता जुना आहे.